पान एक म्हणतं चाळीस, पान तीन म्हणतं पंचेचाळीस

जुलैच्या पहिल्या आठवड्यात महाविद्यालयांच्या झेरॉक्सच्या दुकानांत चार-पाच पानांचे गठ्ठे पडलेले दिसतात. विषयाचं नाव, क्रेडिट, आठवड्यांचा तक्ता, वाचायची पुस्तकं, गुणांची विभागणी. कुणी त्याला हँडआउट म्हणतं, कुणी टीचिंग प्लॅन, कुणी सरळ सिलॅबस. विद्यार्थी पहिलं पान बघतात, 'इंटर्नल किती?' एवढं शोधतात आणि बॅगेत कोंबतात. शिक्षकही पुन्हा उघडत नाहीत. मग नोव्हेंबरात एखादी मुलगी तेच पान घेऊन विभागप्रमुखांसमोर उभी राहते, आणि तिथल्या एका वाक्यावर अर्धा तास चर्चा होते.

मी धंद्याने मुद्रितशोधक. पुस्तकांबरोबर अधूनमधून असे हँडआउटही माझ्याकडे येतात. 'फक्त शुद्धलेखन बघा,' असं सांगून देतात. शुद्धलेखन बहुतेकदा ठीकच असतं. हँडआउटमध्ये एकेक वाक्य घेतलं तर चूक सापडत नाही. 'निबंध ४ सप्टेंबरला वर्गात द्यावा' या वाक्यात काय चुकीचं आहे? काहीच नाही. चूक दिसते ती दोन पानं उलटून '१ ते ६ सप्टेंबर' हा आठवडा तक्त्यात नाहीच, हे लक्षात आल्यावर. म्हणून हा मजकूर वरून खाली वाचून भागत नाही. एका पानावर बोट ठेवून दुसरं पान वाचावं लागतं.

सांगायला सोपं जावं म्हणून, वेगवेगळ्या हँडआउटांत भेटलेल्या चुका एकत्र करून एक नमुना केला आहे. विषय: एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्र, समाजसुधारणा आणि लेखन. क्रेडिट ४, गुण १००. सत्र सोमवार, ७ जुलै २०२५ ते शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५. तासिका आठवड्यातून चार: सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, प्रत्येकी एक तास. चारही पानं स्वच्छ टाइप केलेली, एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नाही.

सुरुवात तक्त्यापासून करायची, आणि तक्ता उलटा वाचायचा. शेवटच्या आठवड्यापासून पहिल्याकडे. सुरुवातीचे तीन-चार आठवडे शिक्षकांनी मन लावून तपासलेले असतात, पुढे पुढे लक्ष पातळ होत जातं. चुकांचा साठा शेवटी असतो. आमच्या नमुन्यात पंधरावा आठवडा लिहिलाय '२०–२५ ऑक्टोबर'. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं की डोळे विस्फारतात: २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आणि बलिप्रतिपदा २२ ला होती. सत्र तर १८ ला संपतंय. म्हणजे एक आठवडा कुठे तरी पुढे सरकलेला आहे. तो शोधायला मागे जायचं. चौदावा १३–१८ ऑक्टोबर, तेरावा ६–११, असं करत नववा येतो ८–१३ सप्टेंबर, आणि आठवा २५–३० ऑगस्ट. सापडलं. १ ते ६ सप्टेंबर गळलेला आहे.

इथे घाईने पेन चालवायचं नाही. २०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. कदाचित महाविद्यालयाने तो आठवडा गणपतीची सुट्टी म्हणून दिला असेल आणि शिक्षकांनी मुद्दाम वगळला असेल. कदाचित फक्त ओळ खोडली गेली असेल. हे मुद्रितशोधकाने अंदाजाने ठरवायचं नसतं. महाविद्यालयाची शैक्षणिक दिनदर्शिका मागवायची. तोवर हँडआउटमध्येच साक्षीदार शोधायचा. तो होता: 'निबंध ४ सप्टेंबरला वर्गात द्यावा.' ज्या आठवड्यात वर्गच नाही त्यात निबंध वर्गात कसा देणार?

फोन केला.

"सर, निबंध चार सप्टेंबरला घेणार आहात ना?"

"हो, गुरुवारी. गुरुवारी माझा तास असतो."

"मग तो आठवडा तक्त्यात का नाही?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. "अरे, तो गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये नव्हता..."

हे 'गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये' प्रकरण नीट समजून घ्यावं, कारण तक्त्यातल्या निम्म्याहून अधिक चुकांचं मूळ तिथे असतं. नवा हँडआउट कुणी कोऱ्या पानावर लिहीत नाही. जुनी फाइल उघडायची, वर्ष बदलायचं, तारखा बदलायच्या. काही बदलायच्या राहतात. त्या ओळखायची एक खूण आहे. एका वर्षात ३६५ दिवस, म्हणजे बावन्न आठवडे आणि एक दिवस. म्हणून तीच तारीख पुढच्या वर्षी एका वाराने पुढे जाते, आणि मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोन वारांनी. १५ ऑगस्ट २०२४ ला गुरुवार होता, १५ ऑगस्ट २०२५ ला शुक्रवार. तेव्हा हँडआउटमध्ये 'सोमवार, ८ जुलै' दिसलं की समजावं, ही ओळ २०२४ ची आहे. २०२५ मध्ये ८ जुलैला मंगळवार होता, आणि या विषयाची मंगळवारी तासिकाच नाही. म्हणून तक्त्यात नुसती तारीख न लिहिता वारही लिहावा, असा माझा आग्रह असतो. वार सोबत असला की एक चूक दुसरीवर बोट ठेवते. नुसती तारीख चुकली तरी ती शहाण्यासारखी दिसते.

वार आणि तारीख जुळत नसतील तर दोघांपैकी कोण खरं? साध्या तासिकेच्या बाबतीत वार खरा धरावा, कारण वार वेळापत्रकाने बांधलेला असतो. पण चाचणी किंवा निबंधाच्या तारखेला तसं करू नये. तिथे शिक्षकांच्या मनात एखादी ठरावीक तारीखच असू शकते. विचारूनच घ्यावं.

आता तासिका मोजायच्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या क्रेडिट आराखड्यानुसार, पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक क्रेडिट. चार क्रेडिट म्हणजे आठवड्याला चार तास, सत्रात साठ. हँडआउटच्या डोक्यावर 'एकूण तासिका ६०' असं ठळक अक्षरात आहे, आणि चार घटकांपुढे १५-१५-१५-१५ असं सुबक वाटप. कागदावरची ही बेरीज बरोबर आहे. कॅलेंडर मात्र वेगळं बोलतं. १५ ऑगस्ट शुक्रवार गेला. २७ ऑगस्ट बुधवार गणेश चतुर्थीला गेला. ५ सप्टेंबरला शुक्रवारी ईद-ए-मिलादची सुट्टी. २ ऑक्टोबर गुरुवार, त्या दिवशी गांधी जयंती आणि दसरा एकत्रच होते. चार तास गेले, उरले छप्पन.

सुट्ट्या मोजताना दोन गोष्टी चुकतात. एक म्हणजे शासनाच्या यादीतून नावं मोजणं. यादीत गांधी जयंती आणि दसरा अशा दोन ओळी असतात, पण दिवस एकच. तसंच १५ ऑगस्टला त्या वर्षी पारशी नववर्षही होतं. दुसरी गोष्ट स्थळाची. २०२५ मध्ये मुंबई शहर आणि उपनगरात ईदची सुट्टी ५ ऐवजी सोमवारी ८ सप्टेंबरला केली होती. आमच्या विषयाला सोमवार आणि शुक्रवार दोन्ही तासिका असल्याने एकूण आकड्यात फरक पडला नाही. पण फक्त शुक्रवारी प्रॅक्टिकल असलेल्या विषयाचा हँडआउट पुण्याहून मुंबईला तसाच नेला असता तर पडला असता.

छप्पन आणि साठ या फरकाने आभाळ कोसळत नाही. शिक्षक शनिवारी जादा तास घेतात, काही भाग स्वाध्यायाला टाकतात. पण वाटप तपासायला हवं. गळलेला आठवडा परत घातल्यावर आमच्या तक्त्यात पहिला घटक चार आठवडे चालतो, म्हणजे सोळा तास. दुसरा घटक पाचव्या ते सातव्या आठवड्यात, त्यातून १५ ऑगस्ट वजा, म्हणजे अकरा. दोन्हींपुढे लिहिलंय पंधरा. दुसरा घटक म्हणजे जोतीराव फुले. सत्रात सगळ्यात जास्त वाचायचं त्याच घटकात आहे आणि तिथेच चार तास कमी. हे शिक्षकांना दाखवलं की ते स्वतःच पहिल्या घटकातून एक आठवडा काढून घेतात. आपण फक्त आकडे समोर ठेवायचे.

तक्त्यात आणखी एक गोष्ट बघायची: काय आधी आणि काय नंतर. आमच्या हँडआउटमध्ये ताराबाई शिंद्यांच्या 'स्त्री-पुरुष तुलने'वरचा निबंध ४ सप्टेंबरला द्यायचा आहे. तक्त्यात ते पुस्तक शिकवायला येतं ८ ते १३ सप्टेंबरच्या आठवड्यात. आधी निबंध, मग पुस्तक. गळलेल्या आठवड्यानेच हा घोळ केलेला आहे. तक्त्यातल्या ओळी एक आठवडा मागे घेतल्या तर पुस्तक १ ते ६ सप्टेंबरमध्ये येतं, आणि निबंध त्याच आठवड्यात गुरुवारी. म्हणजे पुस्तक सोमवारी आणि बुधवारी शिकवून गुरुवारी निबंध मागायचा. तारखेच्या दृष्टीने बरोबर, माणसाच्या दृष्टीने कठीण. शिक्षकांनी शेवटी निबंध ११ सप्टेंबरवर नेला. ही तारीख मात्र हँडआउटमध्ये एकाच जागी नव्हती. तक्त्यात एकदा, गुणांच्या पानावर एकदा आणि शेवटच्या 'महत्त्वाच्या तारखा' या चौकटीत एकदा, अशी ती तीन ठिकाणी होती.

आता पुस्तकांच्या यादीकडे. इथे मी दोन्ही बाजूंनी हजेरी घेतो. तक्त्यात ज्या पुस्तकाचं नाव आलंय ते यादीत आहे का, आणि यादीतलं प्रत्येक पुस्तक तक्त्यात कुठे तरी वापरलंय का. पहिली तपासणी बहुतेक जण करतात, दुसरी क्वचितच. यादीत असून तक्त्यात नसलेली पुस्तकं बहुधा जुन्या वर्षांची उरलेली असतात. ती 'अधिक वाचनासाठी' या मथळ्याखाली हलवावीत, नाहीतर मुलं वाचनालयात तीच आधी शोधतात.

मग एकेक नोंद. आमच्या यादीतली पहिली नोंद: 'रमाबाई रानडे, स्त्रीधर्मनीति, १८८२.' पुस्तक खरं, वर्ष खरं, लेखिका चुकीची. 'स्त्रीधर्मनीति' पंडिता रमाबाईंचं. रमाबाई रानड्यांचं प्रसिद्ध पुस्तक 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', ते १९१० चं. नाव सारखं, काळ जवळचा, दोघीही स्त्रीशिक्षणाच्या कामातल्या, म्हणून हात घसरतो. अशी चूक संगणक कधीच दाखवणार नाही. ती दिसायला विषयाची थोडी तरी ओळख लागते, आणि ओळख नसेल तर वाचनालयाच्या सूचीत नोंद उघडून बघायचा कंटाळा नसावा लागतो.

दुसरी नोंद: 'महात्मा फुले समग्र वाङ्मय, संपा. य. दि. फडके, १९६९.' इथे दोन आवृत्त्या एकमेकींत मिसळल्यात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने हा ग्रंथ १९६९ मध्ये प्रथम काढला तेव्हा संपादक धनंजय कीर आणि स. गं. मालशे होते. य. दि. फडक्यांनी संपादित केलेली सुधारित आवृत्ती १९९१ ची. एखाद्याला वाटेल, असू दे, पुस्तक तर तेच. पण तक्त्यात फुल्यांच्या घटकात नेमकी पानं दिलेली आहेत. आवृत्ती बदलली की पानं बदलतात, आणि मुलाच्या हातात जी आवृत्ती येईल त्यात तो भलत्याच मजकुराच्या मध्यावर जाऊन पडेल. एकतर आवृत्ती नक्की करावी, नाहीतर पानं काढून 'गुलामगिरी'तला कोणता भाग, ते सांगावं.

माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे असतो, कारण जुनी मराठी पुस्तकं अनेक प्रकाशकांनी अनेकदा छापलेली असतात. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत आली. नंतर एकत्र, संक्षिप्त, नव्या जुळणीत, किती तरी रूपांत निघाली. तिथे 'पृ. ४० ते ७५' लिहिणं म्हणजे चाळीस मुलांना चाळीस वेगवेगळे उतारे वाचायला सांगणं. 'नारायण वामन टिळकांच्या १८९५ च्या धर्मांतरापर्यंतचा भाग' असं लिहिलं तर कोणतीही प्रत चालते.

वर्षाचाही घोळ असतो. 'ताराबाई शिंदे, स्त्री-पुरुष तुलना, १९७५.' एकोणिसाव्या शतकाच्या विषयात १९७५ बघून नवखा तपासनीस ते खोडेल आणि १८८२ करेल. पण १९७५ खोटं नाही. मालश्यांनी हे विस्मरणात गेलेलं पुस्तक त्या वर्षी पुन्हा प्रसिद्ध केलं, आणि वाचनालयात मिळण्याची शक्यता त्याचीच. दोन्ही लिहावीत: 'प्रथम १८८२, संपा. स. गं. मालशे, १९७५.' पहिल्या आकड्यावरून मुलांना काळ कळतो, दुसऱ्यावरून कपाटातली प्रत.

दहाव्या आठवड्यासमोर नुसतं 'ओ'हॅनलन, प्रकरण ३' असं लिहिलंय. यादीत रोझलिंड ओ'हॅनलन यांची दोन पुस्तकं आहेत. एक १९८५ चं, केंब्रिजने काढलेलं, फुले आणि जातिविरोधी विचारांवरचं. दुसरं १९९४ चं, ऑक्सफर्डचं, म्हणजे 'स्त्री-पुरुष तुलने'चा इंग्रजी अनुवाद आणि त्यावरची प्रस्तावना. दोन्ही या विषयाला लागू, म्हणून संदर्भावरून उलगडा होत नाही. एका लेखकाची दोन पुस्तकं असली की तक्त्यात आडनावाला वर्ष जोडायचं, एवढाच उपाय.

आणि हल्लीचा एक अगदी वेगळा प्रकार. 'शेतकऱ्याचा असूड' हे नाव यादीतून उचलून मुलं वाचनालयाच्या संगणकावर चिकटवतात आणि 'नोंद सापडली नाही' असं उत्तर येतं. पुस्तक कपाटात समोर असतं. कारण असं की 'ऱ्या' हे अक्षर संगणकात दोन रीतींनी साठवता येतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधणाऱ्या यंत्राला ते वेगवेगळे शब्द वाटतात. हँडआउट एका रीतीने टाइप झाला आणि सूची दुसऱ्या रीतीने, की गाठ पडत नाही. 'स्त्री-पुरुष तुलना' मधल्या जोडरेघेचंही तसंच. यावर मुद्रितशोधकाला फारसं काही करता येत नाही. मी यादीत ग्रंथाचा दाखल क्रमांक लिहायला सुचवतो. ग्रंथपाल मंडळी तो आनंदाने देतात.

आता गुण. तक्त्यातली चूक मुलाला एका सकाळी रिकाम्या वर्गात उभं करते. गुणांच्या नियमातली चूक त्याला नापास करू शकते. पुष्कळ तपासनीस गुणांच्या पानावर बेरीज करतात आणि थांबतात. बेरीज करायचीच. पान एकवर लिहिलंय: अंतर्गत ४० गुण, चाचणी १०, निबंध १५, सादरीकरण १०, उपस्थिती ५. बेरीज चाळीस. पान तीनवरच्या तक्त्यात: चाचणी १५, निबंध १५, सादरीकरण १०, उपस्थिती ५, आणि खाली ठळक 'एकूण ४०'. करून बघितलं तर पंचेचाळीस. कुणी तरी चाचणीचे गुण वाढवले आणि एकूणला हात लावला नाही. किंवा चाचणी पंधरांची घेऊन दहांत रूपांतरित करायची असेल आणि ते लिहायचं राहिलं असेल. दोन्ही शक्य आहे.

पण बेरजेने सगळं सापडत नाही. नियमांचा विरोध शोधायला मी एक कल्पित विद्यार्थिनी घेतो आणि तिचे गुण हँडआउटमधल्या नियमांनी काढून बघतो. ती फार हुशार नको आणि अगदी कच्ची नको. काठावरची हवी, कारण नियमांची भांडणं काठावरच होतात. तिला दोन चाचण्यांत पंधरापैकी बारा आणि सहा. निबंधाला पंधरापैकी बारा, पण तो दोन दिवस उशिरा दिला. सादरीकरणाला दहापैकी सात. हजेरी त्रेचाळीस तासिका.

चाचणीपासून सुरू करू. पान दोन म्हणतं, 'दोन चाचण्यांपैकी जास्त गुणांची धरली जाईल.' पान चार म्हणतं, 'दोन्ही चाचण्यांची सरासरी.' जास्तीचे बारा, सरासरी नऊ. दहांत आणले तर आठ किंवा सहा.

निबंधाबद्दल पान तीनवर आहे, 'उशीर झाल्यास दररोज १० टक्के गुण कमी.' चौकटीत आहे, 'मुदतीनंतर निबंध स्वीकारले जाणार नाहीत.' दुसरं लागू केलं तर शून्य. पहिलं लागू केलं तरी प्रश्न संपत नाही. दहा टक्के कशाचे? निबंधाच्या एकूण पंधरा गुणांचे धरले तर दिवसाला दीड, दोन दिवसांचे तीन, उरले नऊ. मिळालेल्या बाराचे धरले तर दिवसाला एक पूर्णांक दोन, उरले ९.६. आणि 'दररोज' मध्ये रविवार धरायचा का? मुदत ११ सप्टेंबर 'मध्यरात्री १२ पर्यंत' असेल तर ती दहाची रात्र की अकराची? मी असं कधी ठेवू देत नाही. 'गुरुवार, ११ सप्टेंबर, रात्री ११:५९' असं लिहावं.

हजेरीत तक्त्याची चूक गुणांत शिरते. नियम आहे ७५ टक्के. कशाच्या? हँडआउटच्या डोक्यावर तासिका साठ, त्याचे ७५ टक्के पंचेचाळीस. मुलीची हजेरी त्रेचाळीस, म्हणजे कमी पडली. प्रत्यक्ष झालेल्या तासिका छप्पन, त्याचे ७५ टक्के बेचाळीस. आता ती एका तासाने पुरते. चार सुट्ट्यांच्या दिवशी ती वर्गात यायला हवी होती, असं कुणी म्हणणार नाही, पण कागद तसंच म्हणतो. 'प्रत्यक्ष घेतलेल्या तासिकांच्या' हे तीन शब्द घातले की वाद मिटतो. शिवाय एका पानावर ७५ टक्क्यांखाली हजेरीचे पाच गुण जातात, आणि दुसऱ्यावर ७५ टक्क्यांखाली परीक्षेला बसताच येत नाही. दुसरा नियम खरा असेल तर पहिल्याचा उपयोगच उरत नाही. कोणाला ठेवायचं, ते विभागाने ठरवायचं.

आता बेरीज मांडू. नियमांचा मुलीला सोयीचा अर्थ घेतला तर आठ, ९.६, सात आणि पाच, म्हणजे २९.६. गैरसोयीचा घेतला तर सहा, शून्य, सात आणि शून्य, म्हणजे तेरा. मुलगी तीच, उत्तरपत्रिका त्याच, हँडआउटही तोच.

तेरा आणि तीसमध्ये काय मोठंसं, असं वाटत असेल तर पासिंगचा नियम वाचा. पान दोन: 'अंतर्गत ४० पैकी १६ आणि सत्रांत ६० पैकी २४ स्वतंत्रपणे आवश्यक.' पान चार: 'एकूण १०० पैकी ४० मिळाल्यास उत्तीर्ण.' समजा मुलीला सत्रांत परीक्षेत तीस गुण मिळाले. अंतर्गत तेरा धरून एकूण त्रेचाळीस. पान चारनुसार पास. पान दोननुसार इंटर्नलमध्ये नापास. हँडआउट तिला एकाच वेळी दोन्ही सांगतो.

इथे तपासनीसाच्या कामाची हद्द येते. कुठला नियम न्याय्य, यावर माझं मत असू शकतं, पण मी तो निवडत नाही. पासिंगचा नियम आणि अंतर्गत-सत्रांत विभागणी विद्यापीठाने ठरवलेली असते. तिथे विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि परिपत्रक काढून बघायचं, आणि हँडआउट त्याच्या विरोधात असेल तर हँडआउट चुकलेला. तारखांसाठी महाविद्यालयाची दिनदर्शिका आणि वेळापत्रक. चाचण्यांची सरासरी की जास्तीची, उशिराला किती दंड, अशा गोष्टी शिक्षकांच्या अखत्यारीत असतील तर शिक्षकांना विचारायच्या. विचारतानाही समासात 'तपासावे' एवढं लिहून सोडलं तर ते तसंच छापलं जातं. मी दोन्ही वाक्यं पानाच्या क्रमांकासकट एकाखाली एक उतरवतो आणि पुढे उदाहरण देतो: '१५ पैकी १२ आणि ६ मिळाले तर गुण किती?' आकड्यात उत्तर द्यावं लागलं की शिक्षक नियम ठरवतात. 'सरासरी की सर्वोत्तम?' विचारलं तर पुष्कळदा 'दोन्ही चालेल' असं उत्तर येतं.

उत्तरं आली की दुरुस्त्या करायच्या, आणि मग पुन्हा सगळं बघायचं. ही शेवटची फेरी लोक टाळतात. आमच्या नमुन्यात शिक्षकांनी सांगितलं, चाचणी दहा गुणांचीच, जास्तीची धरायची. पान तीनवरचे पंधरा दहा केले, बेरीज चाळीस झाली. पण पाचव्या आठवड्याच्या ओळीत 'चाचणी १ (१५ गुण)' तसंच राहिलं, अकराव्या आठवड्यात 'चाचणी २ (१५ गुण)' राहिलं, आणि शिक्षकांनी प्रश्नपत्रिका आधीच पंधरा गुणांची काढून ठेवलेली निघाली. त्यासाठी हँडआउटमध्ये एक ओळ वाढवावी लागली: 'चाचणी १५ गुणांची, मिळालेले गुण १० पैकी रूपांतरित केले जातील.' निबंधाची तारीख तिन्ही ठिकाणी बदलली का, तेही शोध-आज्ञा देऊन बघितलं. तक्त्यात '११ सप्टेंबर', चौकटीत '११/९', गुणांच्या पानावर अजून '४ सप्टें.'. संगणकाला 'सप्टेंबर' शोधायला सांगितलं होतं, त्याने 'सप्टें.' दाखवलं नाही.

दुरुस्त प्रतीवर वरच्या कोपऱ्यात 'सुधारित, १४ जुलै २०२५' असं छापलं. आधीची प्रत मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलेलीच होती, ती तिथून काढायला सांगितलं, आणि नव्या प्रतीत पहिल्याच पानावर कोणत्या तीन गोष्टी बदलल्या ते लिहिलं: निबंधाची तारीख, चाचणीचे गुण, हजेरीची मोजणी.